एकाच मजकुराचे अनेक सारांश: त्यांतला चांगला कसा निवडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका मजकुराचे तीन-चार जणांनी केलेले सारांश समोर आले की निवड बहुतेक वेळा पहिल्या वाचनातच होऊन जाते. जो सुरेख वाचला जातो तो जिंकतो. त्यातली चूक मात्र छापून झाल्यावर कळते. नियतकालिकाची चौकट, शाळेचे माहितीपत्रक, प्रदर्शनातला फलक किंवा वर्गातले सारांशलेखन अशा कामांत ही निवड कशी करावी, ते पुढे दिले आहे. शेवटपर्यंत एकच उदाहरण वापरले आहे: लोणार सरोवराविषयीचा एक उतारा आणि त्याचे चार सारांश.

आधी मूळ उतारा वाचायला मिळेल का?

हा तो उतारा. त्यात १२० शब्द आहेत.

> बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर बेसॉल्ट खडकात उल्कापातामुळे तयार झालेल्या विवरात आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. हे विवर ज्वालामुखीमुळे झाले असावे, असा पूर्वी समज होता. पुढे आघाताने काचेसारखे झालेले खनिज सापडल्यावर उल्कापाताचे मत पक्के झाले. विवराच्या वयाबद्दल एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे आले, तर नंतरच्या दुसऱ्या पद्धतीने पाच लाख वर्षांहून अधिक. सरोवराचे पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी दिसू लागले. सुरुवातीला हे शेवाळामुळे झाले असावे, असा अंदाज होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हॅलोआर्किया हे खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्यामागे असल्याचे सांगितले. पाऊस कमी आणि उष्णता जास्त राहिल्याने पाणी आटून क्षारता वाढली व त्यामुळे हे सूक्ष्मजीव फोफावले असावेत. त्याच वर्षी लोणार सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले.

हा उतारा निवडण्याचे कारण असे की त्यात सारांशाला अडचणीत आणणाऱ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. दोन समज मागे पडलेले आहेत (ज्वालामुखी आणि शेवाळ), एका प्रश्नावर मतभेद आहे (वय), आणि एक कारण केवळ संभाव्य म्हणून सांगितले आहे (क्षारता). शिवाय एकाच वर्षातल्या दोन घटना जवळजवळ आल्या आहेत.

सारांश हातात आले की लगेच वाचायला सुरुवात करावी का?

नाही. त्याआधी मूळ मजकूर दोनदा वाचा आणि सारांशात काय यायलाच हवे, ते कागदावर लिहून काढा. हे काम नंतरवर टाकले तर यादी तुमची राहत नाही, पहिल्या वाचलेल्या सारांशाची होते. त्यात जे आले ते आवश्यक वाटू लागते आणि जे सुटले ते आठवतच नाही.

यादी करताना सारांश कोणासाठी आहे, ते एका वाक्यात ठरवा. आपल्या उदाहरणात तो लोणारला सहल नेणाऱ्या शाळेच्या माहितीपत्रकातल्या चौकटीसाठी आहे. वाचणाऱ्या पालकांनी पाणी गुलाबी झाल्याचे ऐकलेले आहे आणि ते का झाले, हे त्यांना हवे आहे. तेव्हा आवश्यक मुद्दे चारच ठरतात:

1. लोणार सरोवर उल्कापाताने झालेल्या विवरात आहे.
2. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी दिसले.
3. तपासणीनुसार त्यामागे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव होते.
4. क्षारता वाढल्याने ते फोफावले असावेत.

वयाचा वाद आणि रामसर यादी आली तर चांगले, नाही आली तरी चालेल. व्यास, ज्वालामुखीचा समज आणि शेवाळाचा अंदाज या जागेत सोडून द्यायचे. हाच उतारा भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी लहान करायचा असता तर वयाचा वाद आणि काचेसारखे खनिज वर चढले असते आणि गुलाबी रंग कदाचित खाली गेला असता. म्हणून 'सर्वांत चांगला सारांश' असे काही नसते. अमक्या कामासाठी चांगला, इतकेच म्हणता येते.

शंभर-दीडशे शब्दांच्या मजकुराला चार ते सहा मुद्दे पुरतात. यादी दहावर गेली तर तुम्ही अजून काही ठरवलेले नाही, असे समजावे.

तपासणीची यादी कोणती?

सहा प्रश्न. पहिले चार चाळणीचे आहेत. त्यांचे उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. शेवटच्या दोन प्रश्नांना गुण आहेत.

1. ठरलेल्या लांबीत आहे का?
2. प्रत्येक विधानाला मुळात आधार आहे का?
3. नावे, आकडे आणि तारखा मुळाशी जुळतात का?
4. मुळात जेवढी खात्री आहे तेवढीच सारांशात आहे का?
5. आवश्यक मुद्द्यांपैकी किती आले? (प्रत्येकी १ गुण, अर्धवट आला तर अर्धा)
6. मूळ न वाचलेल्या माणसाला सारांश एकट्याने समजतो का? (० ते २ गुण)

आपल्याकडे मुद्दे चार, म्हणून एकूण गुण सहा. पहिल्या चारपैकी एकाही प्रश्नाला 'नाही' आले तर तो सारांश आहे त्या रूपात निवडायचा नाही, मग पुढचे गुण कितीही असोत. गुणांची बेरीज सगळ्यांची करता येते, पण निवड चाळणीतून उरलेल्यांतूनच.

चाळण आणि गुण वेगळे कशासाठी? सगळ्यांना गुण देऊन बेरीज का नको?

कारण बेरजेत एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूने भरून निघते आणि इथे ती भरून निघता कामा नये. एखादा मुद्दा सुटला तर वाचकाला कमी कळते. खोटे विधान शिरले तर त्याला चुकीचे कळते आणि ते मुळाच्या नावावर खपते. या दोन दोषांची एकमेकांशी वजाबाकी होत नाही. खाली सारांश 'क' पाहा. नुसती बेरीज केली तर तो दुसरा येतो, आणि चारांत सर्वांत जास्त खोटेपणा त्यातच आहे.

ते चार सारांश कोणते?

लांबी ४० शब्द ठरवली होती, म्हणजे मुळाच्या एक-तृतीयांश. दहा टक्के इकडेतिकडे चालेल, म्हणून ३६ ते ४४.

> अ (३६ शब्द): बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर ५२ हजार वर्षांपूर्वी उल्का कोसळून झालेल्या विवरात आहे. त्याचे पाणी खारे आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले. हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे हे घडल्याचे तपासणीत आढळले. त्याच वर्षी सरोवराची रामसर यादीत नोंद झाली.

> ब (४० शब्द): लोणारचे विवर आधी ज्वालामुखीचे मानले जाई, पण ते उल्कापाताचे ठरले. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्याच्या वयाबद्दल एकमत नाही: एक मोजणी ५२ हजार वर्षे, दुसरी पाच लाखांहून अधिक सांगते. सरोवराचे पाणी खारे असून २०२० मध्ये ते गुलाबी झाले होते.

> क (४१ शब्द): उल्कापाताने झालेल्या लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केल्यावर शेवाळ आणि हॅलोआर्किया हे कारण ठरले. या दुर्मीळ घटनेमुळेच त्याच वर्षी सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले आणि जगभर त्याची ओळख झाली.

> ड (३८ शब्द): लोणार सरोवर उल्कापाताने झालेल्या विवरात आहे. त्याचे खारे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी दिसू लागले. आघारकर संस्थेच्या तपासणीनुसार त्यामागे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव होते. पाणी आटून क्षारता वाढल्याने ते फोफावले असावेत. विवराच्या वयाबद्दल मतभेद आहेत. सरोवर रामसर यादीत आहे.

पुढे जाण्यापूर्वी तुमची निवड मनाशी करून ठेवा. यादी लावल्यावर ती टिकते का, ते पाहण्यासारखे असते.

यादी लावल्यावर काय निघाले?

लांबीत चारही बसतात.

'अ'मधला दोष पटकन दिसत नाही, कारण ५२ हजार हा आकडा मुळात आहे. आकडे जुळतात का, या तिसऱ्या प्रश्नातून तो सहज सुटतो. अडतो चौथ्यात. मुळात दोन मोजण्या आहेत आणि दोन्हींत जवळपास दहापटीचा फरक आहे. सारांशाने एक उचलली, दुसरी टाकली आणि 'सुमारे'ही गाळले. वाचकाच्या हाती पडला तो ठरलेला, वाद नसलेला आकडा. 'अ' चाळणीत बाद. गुण मोजलेच तर मुद्द्यांचे ३ (क्षारता नाही) आणि 'रामसर' काय ते न सांगितल्याने समजण्याचा १, एकूण ४.

'ब'मध्ये एकही खोटे विधान नाही. चारही चाळण्या तो पार करतो. पण त्याने मुळाच्या पहिल्या अर्ध्यावरच जवळजवळ सगळे शब्द खर्च केले आणि शेवटी गुलाबी रंगाला एका वाक्यात उरकले. ज्या प्रश्नाचे उत्तर वाचकाला हवे होते, ते त्यात नाही. मुद्दे २, समजण्याचे २, एकूण ४. वरून खाली लहान करत जाणाऱ्यांकडून हे नेहमी होते: शब्द संपत आले की मुळाचा शेवटचा भाग दाबला जातो. हा दोष हेरायचा असेल तर सारांशाच्या प्रत्येक वाक्यासमोर ते मुळातल्या कितव्या वाक्यावरून आले, तो क्रमांक लिहा. 'ब'चे क्रमांक असे येतात: पहिल्या वाक्याला ३ व ४, मग २, मग ५ व ६, आणि शेवटच्याला ७ व ८. नऊपासून बारापर्यंत काहीच नाही.

'क' वाचायला सर्वांत चांगला आहे. वाक्ये एकमेकांना धरून आहेत आणि रामसर म्हणजे काय, तेही समजते. आता दुसरा प्रश्न लावा. शेवाळ हा सुरुवातीचा अंदाज होता. सारांशाने तो संस्थेच्या निष्कर्षात घातला. पाणी गुलाबी झाले 'म्हणूनच' रामसर यादीत स्थान मिळाले, असे मुळात कुठेही नाही. तिथे फक्त 'त्याच वर्षी' आहे. 'दुर्मीळ' आणि 'जगभर ओळख' हे तर पदरचे. चार ठिकाणी आधार नाही, म्हणून बाद. गुण मात्र मुद्द्यांचे अडीच (तिसरा मुद्दा अर्धाच धरला, कारण त्यात शेवाळ मिसळले) आणि समजण्याचे २, म्हणजे साडेचार.

'ड' सर्व चाळण्यांतून जातो. चारही मुद्दे आहेत आणि 'असावेत' जागेवर आहे. शेवटची दोन वाक्ये तुटक आहेत आणि 'रामसर'चा खुलासा नाही, म्हणून समजण्याचा एकच गुण. एकूण ५.

निवड 'ड'ची. पहिल्या वाचनात तो चारांत सर्वांत कोरडा वाटतो, हे लक्षात घ्या.

मराठीत सारांश करताना अर्थ नेमका कुठे घसरतो?

बहुतेक वेळा लहान शब्दांत आणि प्रत्ययांत. तपासणाऱ्याची नजर मोठ्या शब्दांवर असते, आणि चूक शेपटात असते.

पहिली जागा म्हणजे क्रियापदाचा शेवट. 'फोफावले असावेत' हे 'फोफावले' झाले की एक शब्द कमी होतो आणि शक्यता वस्तुस्थिती होते. तसेच 'असल्याचे सांगितले' याचे 'आहे' होते आणि सांगणारा नाहीसा होतो. मराठीत ही शंका दाखवणारी रूपे वाक्याच्या अगदी शेवटी येतात, आणि लहान करणारा सर्वांत आधी तिथलेच शब्द छाटतो.

दुसरी जागा 'मुळे', 'त्यामुळे', 'म्हणून' आणि 'नंतर'. दोन वाक्ये जोडताना मध्ये काहीतरी हवे असते आणि 'त्यामुळे' हाताशी असते. ते घातले की शेजारी असलेल्या दोन घटना कारण आणि परिणाम बनतात. 'क'मध्ये हेच झाले. सारांशातल्या प्रत्येक 'त्यामुळे'खाली रेघ मारा आणि मुळात तसाच दुवा आहे का, ते शोधा. आपल्या उताऱ्यात 'त्यामुळे' एकदाच आले आहे, क्षारता आणि सूक्ष्मजीव यांच्यामध्ये, आणि त्या वाक्याच्या शेवटीही 'असावेत' आहे.

तिसरी जागा शब्दाला चिकटणारा 'च'. 'घटनेमुळे' आणि 'घटनेमुळेच' यांत एका अक्षराने बाकी सर्व कारणे नाकारली जातात. मुळात 'च' नसेल तर सारांशात तो येऊ नये.

चौथी जागा सर्वनामे. मधले वाक्य गाळले की पुढच्या 'ते'चा किंवा 'त्याचा'चा संदर्भ बदलतो. उताऱ्यात 'ते गुलाबी दिसू लागले' यातले 'ते' म्हणजे पाणी. त्याआधीचे पाण्याचे वाक्य काढून टाकले तर वाक्य व्याकरणाने बरोबर राहते, पण 'ते' सरोवराला किंवा थेट विवराला जाऊन चिकटते.

शब्द मोजायचे कसे? 'मध्ये' वेगळा धरायचा का?

दोन मोकळ्या जागांच्या मधले ते एक शब्द, ही पद्धत सोपी आहे आणि वर तीच वापरली आहे. संगणकावरची शब्दमोजणीही साधारण तशीच चालते. पण मराठीत एकच गोष्ट जोडून आणि तोडून लिहिली जाते. 'जून २०२० मध्ये' हे तीन शब्द. 'जून २०२०मध्ये' लिहिले की दोनच. चार सारांशांत लिहिण्याच्या पद्धती वेगळ्या असतील तर अर्थ न बदलता दोन-तीन शब्दांचा फरक पडतो. ४० शब्दांच्या सारांशात तो कमी नाही.

म्हणून मोजण्यापूर्वी सर्व सारांश एकाच पद्धतीने लिहून घ्या. जागा छापील असेल, म्हणजे चौकट किंवा फलक, तर शब्दांऐवजी ओळी मोजणे बरे. 'आंतरराष्ट्रीय' आणि 'हे' हे दोन्ही एकेक शब्द असले तरी सारखी जागा घेत नाहीत.

एक-तृतीयांश हे प्रमाण शालेय सारांशलेखनातून आलेले आहे. प्रत्येक कामाला तेच लागू करायची गरज नाही. मात्र एकमेकांशी तुलना करायच्या सारांशांना एकच मर्यादा हवी. ४० शब्दांचा सारांश आणि ६० शब्दांचा सारांश शेजारी ठेवले तर लांब असलेल्यात मुद्दे जास्त येणारच. त्यात लिहिणाऱ्याचे कौशल्य दिसत नाही.

किती सारांश मागवावेत?

तीन ते पाच. दोनांत 'हा की तो' असे होऊन बसते आणि दोघांनीही सोडलेला मुद्दा नजरेतून सुटतो. सातव्या-आठव्या सारांशापर्यंत तपासणारा मूळ विसरून सारांशांचीच एकमेकांशी तुलना करू लागतो, आणि पाच जणांनी केलेली चूक बरोबर वाटू लागते. जास्त आलेच तर आधी फक्त लांबी आणि आकडे तपासून संख्या पाचवर आणा.

सारांश कोणाचा आहे, हे तपासणाऱ्याला कळावे का?

कळू नये. नावे झाकून अ, ब, क, ड अशी अक्षरे द्या, आणि अक्षरे आलेल्या क्रमाने न देता चिठ्ठ्या टाकून द्या. अनुभवी लेखकाचे नाव वर असले की दुसरा प्रश्न कोणी मनापासून लावत नाही. हस्ताक्षर ओळखीचे असेल तर सर्व सारांश एकाच टंकात टाइप करून घ्या.

वाचण्याचा क्रमही बदला. एका तपासणाऱ्याने अ-ब-क-ड असे वाचले तर दुसऱ्याने ड-क-ब-अ. पहिला सारांश कळत-नकळत मोजपट्टी होतो आणि शेवटचा ताजा राहतो. मधल्यांवर अन्याय होतो. शिवाय सारांशानुसार न जाता प्रश्नानुसार जा: दुसरा प्रश्न चारही सारांशांना लावा, मग तिसरा चारही सारांशांना. यामुळे 'अ' आवडला म्हणून त्याला सगळीकडे हात सैल सोडणे टळते.

दोन तपासणाऱ्यांचे जमले नाही तर?

कोणत्या प्रश्नावर जमले नाही, ते आधी पाहा.

चाळणीच्या प्रश्नावर मतभेद असेल तर चर्चा लांबवू नका. 'आधार आहे' म्हणणाऱ्याने मूळ उताऱ्यातल्या त्या वाक्यावर बोट ठेवावे. ठेवता आले तर आधार आहे, नाहीतर नाही. 'तसा अर्थ निघतो' हे उत्तर धरू नये.

मुद्द्यांच्या गुणांवर मतभेद असेल तर दोष बहुधा यादीचा असतो. 'पाणी गुलाबी झाल्याचे कारण' असा मुद्दा लिहिलेला असेल तर एकजण हॅलोआर्किया आले म्हणून पूर्ण गुण देईल, दुसरा क्षारता नाही म्हणून अर्धा देईल. दोघेही बरोबर आहेत. मुद्दा फोडून दोन करा. वरच्या यादीत तिसरा आणि चौथा वेगळे ठेवले आहेत ते यासाठीच.

समजण्याच्या गुणांवर मतभेद झाला तर दोघांनीही बाजूला व्हावे. मूळ न वाचलेल्या तिसऱ्या माणसाला सारांश वाचायला द्या, कागद परत घ्या, आणि दोन प्रश्न विचारा: काय घडले, आणि का घडले? तो कुठे अडखळतो, ते लगेच कळते. मूळ वाचलेल्या माणसाला हा प्रश्न नीट सोडवताच येत नाही, कारण सारांशातल्या गाळलेल्या जागा तो स्वतःच्या माहितीने भरतो.

दोन सारांशांना सारखेच गुण पडले तर?

ज्याला कमी दुरुस्ती लागेल तो घ्या. दुरुस्त्याही सारख्याच असतील तर 'आली तर चांगले' या गटातले मुद्दे मोजा. आपल्या उदाहरणात वय आणि रामसर हे ते मुद्दे. तिथेही बरोबरी झाली तर जो लहान तो.

निवडलेल्या सारांशात दुरुस्ती चालते का? दोन सारांश एकत्र करावेत का?

दुरुस्ती जरूर करा, पण ती एक-दोन जागी असावी. 'ड'चे शेवटचे वाक्य 'सरोवर रामसर यादीत आहे' असे होते. ते 'हे सरोवर आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे' असे केले की चार शब्दांचे नऊ झाले आणि एकूण ४३. मर्यादा ४४ ची, म्हणजे बसले. समजण्याचा दुसरा गुणही मिळाला.

'अ'सुद्धा वाचवता येतो. '५२ हजार वर्षांपूर्वी' काढले की ३३ शब्द उरतात. त्यात 'ड'मधले 'पाणी आटून क्षारता वाढल्याने ते फोफावले असावेत' हे सात शब्दांचे वाक्य घातले की बरोबर ४०. हे वाक्य हॅलोआर्कियाच्या वाक्यानंतर लगेच यायला हवे. ते शेवटी ठेवले तर 'ते' कोणासाठी आहे, हे कळत नाही.

'क'ची डागडुजी करू नये. शेवाळ काढा, 'मुळेच' काढा, 'दुर्मीळ' काढा, 'जगभर ओळख' काढा, मग क्षारता घाला. इतके केल्यावर नवा सारांश लिहिणेच सोपे. तीन किंवा त्याहून जास्त जागी हात लावावा लागला तर तो सारांश सोडून द्यावा, असे आमचे मत आहे.

दोन सारांशांची चांगली वाक्ये उचलून तिसरा बनवायचा मोह होतो. त्यात सर्वनामे आणि जोडशब्द हमखास बिघडतात, कारण प्रत्येक वाक्य आपापल्या शेजाऱ्यावर टेकून लिहिलेले असते. एखादे वाक्य उचलायचेच असेल तर त्यातली सर्व 'ते', 'त्याचे', 'हे' एकदा नामांनी बदलून वाचून पाहा. आणि दुरुस्ती कितीही छोटी असो, सहाही प्रश्न पुन्हा पहिल्यापासून लावा.

चारही सारांश चाळणीत अडकले तर?

कमीत कमी दोष असलेला म्हणून एखादा पुढे ढकलू नका. सगळे एकाच जागी अडकले आहेत का, ते पाहा. तसे असेल तर ती जागा बहुधा मुळातच अवघड आहे. समजा चारही जणांनी वयाचा एकच आकडा दिला असता, तर लिहिणाऱ्यांना परत देताना नुसते 'पुन्हा लिहा' म्हणून भागले नसते. 'वयाबद्दल दोन मोजण्या आहेत; दोन्ही द्या किंवा दोन्ही गाळा' अशी नेमकी सूचना हवी. सगळे वेगवेगळ्या जागी अडकले असतील तर ज्याला एकच दुरुस्ती पुरेल तो घ्या.

मुळातच चूक असेल तर सारांशाने ती सुधारावी का?

ही यादी सारांश मुळाशी जुळतो का, एवढेच पाहते. मूळ खरे आहे का, हे ती सांगत नाही. मुळातला आकडा चुकीचा वाटला तर मूळ लेखकाकडे किंवा संपादकाकडे विचारा, मूळ दुरुस्त करून घ्या आणि मग सर्व सारांश नव्या मुळाशी ताडून पाहा. एका सारांशकाराने परस्पर आकडा सुधारला तर तपासणीत तो चूक ठरेल, आणि ते योग्यच आहे. सुधारलेला आकडा कुठून आला, हे वाचकाला कधीच कळणार नाही.

ही यादी कुठे चालत नाही?

कवितेला आणि ललित गद्याला ती लावू नये. तिथे आवश्यक मुद्दे काढायला बसले की मूळच हातातून निसटते. विनोदी लेखनाचेही तेच.

कायदेशीर करार, औषधाच्या सूचना, निविदांच्या अटी यांना ती अपुरी पडते. तिथे एखादी अट गाळणे हेच चुकीचे विधान ठरू शकते, म्हणून पाचवा प्रश्न गुणांचा न ठेवता चाळणीत घालावा लागतो: ठरलेल्यांपैकी एकही मुद्दा सुटला की बाद.

फार लांब मजकुराला, म्हणजे वीस-तीस पानांच्या अहवालाला, ती थेट लावता येत नाही. प्रत्येक प्रकरणाची वेगळी यादी करा आणि सारांशाच्या प्रत्येक वाक्यासमोर पान क्रमांक लिहायला सारांशकारालाच सांगा. तो क्रमांक नसेल तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता तपासणाऱ्याचा दिवस जातो, आणि संध्याकाळपर्यंत तो न शोधताच 'हो' लिहू लागतो.